पाच मिनिटांत पावसाची गोष्ट



गेल्या महिन्यात माण तालुक्यातल्या आपल्या एका गटाच्या सभेला गेले होते. वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या आणि मी पिशवी उचलणार तोच एक ताई म्हणाल्या, "मॅडम, जरा थांबा. माझ्या पोरीला वर्गात बोलायचंय, तिचं ऐकून जा." मुलगी अकरावीला आहे. भूगोलाच्या सरांनी प्रत्येकाला एकेक धडा वाटून दिलेला, त्यावर वर्गापुढे पाच मिनिटं बोलायचं आणि त्याला गुण. हिच्या वाट्याला 'हवामान प्रणाली' आली होती. तिनं गाइडमधला सारांश चार पानांवर उतरवून आणला होता.

ती वाचायला लागली. वातावरण, जलावरण, हिमावरण, शिलावरण, जीवावरण. मग सौर प्रारण, मग हरितगृह परिणाम, मग सागरी प्रवाह. मी मोबाइलवर वेळ लावली होती, अकरा मिनिटं झाली. चुकीचं काही नव्हतं, पण एका ताईंना डुलकी लागली आणि दोघी भाकरीची वेळ झाली म्हणून चुळबुळ करायला लागल्या. शेवटी गटातल्या आक्का, सत्तरी ओलांडलेल्या, म्हणाल्या, "बाई, ते समदं खरं असंल. पण महाबळेश्वरला एवढा पाऊस पडतो आन् आपल्याला का न्हाई, ते तुझ्या धड्यात हाय का?"

मुलीनं पानं चाळली. तिसऱ्या पानावर एकच ओळ सापडली, पर्जन्यछायेच्या प्रदेशाची. आम्ही ठरवलं की भाषण त्या ओळीवर उभं करायचं. कारण ती एक ओळ समजावायला गेलं तर ऊन, जमीन, समुद्र, वारा, वाफ आणि डोंगर हे सगळं आपोआप येतं, म्हणजे धडाच येतो. फक्त यादीसारखा न येता एकाला एक जोडून येतो.

बरंच सोडावं लागलं. त्यातल्या एका गोष्टीचं मलाही वाईट वाटलं. सूर्याकडून शंभर भाग ऊन आलं तर साधारण तीस भाग ढग, बर्फ, वाळू यांवरून परत फिरतं आणि सत्तर भाग पृथ्वी शोषून घेते. ते सत्तर उष्णतेच्या रूपानं पुन्हा बाहेर जातात, पण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड गोधडीसारखे ती उष्णता अडवून धरतात. ही गोधडी नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, आज ते १५ अंशांच्या आसपास आहे. जमा-खर्चाचा हिशोब म्हणून गटाला हे लगेच समजलं. पण हा वेगळा विषय आहे, पाच मिनिटांत दोन विषय घातले की दोन्ही अर्धे राहतात. सरांनी विचारलं तरच सांगायचं, असं ठरलं.

दोन डबे

सुरुवातीला दाखवायला आम्ही एक साधा प्रयोग घेतला. एकाच मापाचे दोन स्टीलचे डबे. एकात कोरडी माती, दुसऱ्यात तेवढंच पाणी, दोन्ही काठोकाठ नाही, बोटभर खाली. सकाळी दहा वाजता अंगणात ठेवले, बारा वाजता बोट लावून पाहिलं. मातीचा वरचा थर चटका देत होता, पाणी जेमतेम कोमट.

याची कारणं दोन-तीन आहेत. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात चार-पाच किलो कोरडी माती तेवढीच तापते. शिवाय मातीत ऊन वरच्या थरापाशीच थांबतं, पाण्यात ते खोल जातं आणि पाणी ढवळलं जाऊन उष्णता सगळीकडे पसरते. थोडी उष्णता वाफ होण्यातही खर्च होते. माठातलं पाणी गार का राहतं, ते आपल्याला माहीत आहेच.

या प्रयोगात दोन चुका होतात. माती ओली असली तर फरक नीट जाणवत नाही, आमच्याकडे पहिल्या दिवशी तेच झालं, रात्री शिंपण केलेल्या अंगणातली माती घेतली होती. दुसरी चूक म्हणजे घरातला तापाचा थर्मामीटर मातीत खुपसणं. त्यात ४२ अंशांपुढे आकडाच नसतो आणि काचेचा असेल तर फुटतो. बोट पुरेसं आहे. आणि हा प्रयोग पाच मिनिटांत होत नाही, म्हणून डबे सकाळीच शाळेच्या व्हरांड्यात उन्हात ठेवायचे आणि बोलायच्या वेळी आत आणायचे.

आता भाषण. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणून पाच मिनिटांना फुलस्केपची दोन पानं भरपूर झाली. कंसातल्या सूचना वाचायच्या नाहीत, करायच्या आहेत.

भाषण

(दोन्ही डबे टेबलावर.) सर आणि मित्रमैत्रिणींनो, या एका डब्यात माती आहे आणि एकात पाणी. दोन्ही सकाळपासून एकाच उन्हात होते. पुढच्या बाकावरच्या दोघांनी बोट लावून सांगा, जास्त गरम काय आहे? (थांबायचं. उत्तर येऊ द्यायचं.) ऊन सारखं, डबे सारखे, तरी माती तापली आणि पाणी कोमट राहिलं. माझं पुढचं सगळं बोलणं या फरकावर आहे.

आधी दोन शब्द. आज ऊन आहे की पाऊस, याला आपल्या पुस्तकात 'हवा' म्हणतात. एखाद्या ठिकाणच्या साधारण तीस वर्षांच्या हवेचा हिशोब काढला की कळतं ते 'हवामान'. हे हवामान एकट्या आभाळात ठरत नाही. हवा, पाणी, जमीन, बर्फ आणि सगळे सजीव हे पाच भाग एकमेकांशी उष्णता आणि पाणी देत-घेत असतात. एकात बदल झाला की तो दुसऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून याला हवामान प्रणाली म्हणतात. ही देवघेव कशी चालते ते मी आपल्या पावसावरून सांगते.

(फळ्यावर डावीकडे समुद्र, मध्ये सह्याद्री, उजवीकडे माण.) एप्रिल-मेमध्ये भारताची जमीन या मातीसारखी तापते. जमिनीवरची हवा तापून हलकी होते, वर जाते आणि तिथला हवेचा दाब कमी होतो. समुद्र मात्र या पाण्यासारखा कमी तापलेला असतो, तिथे दाब जास्त राहतो. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. म्हणून जूनपासून समुद्रावरून जमिनीकडे नैऋत्येचे वारे येतात. हजारो किलोमीटर पाण्यावरून येताना ते वाफ घेऊन येतात. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही.

(समुद्राकडून डोंगरमाथ्यापर्यंत बाण.) हे वारे सह्याद्रीपाशी येतात आणि त्यांना वर चढावं लागतं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा फुगते आणि फुगता फुगता गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की ती बोटाला गार लागते, तसंच. हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. ते थेंब म्हणजे ढग, आणि थेंब मोठे झाले की पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा एका जागी साठवला तर साधारण साडेतीन पुरुष खोल विहीर भरेल.

(माथ्यावरून माणकडे उतरता बाण.) आता हीच हवा डोंगर ओलांडून खाली उतरते. उतरताना तिच्यावरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. हवा भरताना पंप गरम होतो तसंच. तापलेल्या हवेत थेंबांची पुन्हा वाफ होते आणि ढग विरतात. म्हणून जुलैत आपल्याकडे वारं भणाणतं, ढग पळतात, पण पाऊस भुरभुरून थांबतो. माणमध्ये वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गुडघ्याएवढं पाणी. महाबळेश्वर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.

शेवटची गोष्ट. आपला पाऊस फक्त अरबी समुद्र आणि सह्याद्री ठरवत नाहीत. प्रशांत महासागरात एरवी पूर्वेकडून वारे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलून ठेवतात. काही वर्षं हे वारे मंदावतात आणि गरम पाणी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडे सरकतं. याला एल निनो म्हणतात. हवा वर चढण्याची जागा पाण्याबरोबर सरकते आणि आपल्या बाजूला हवा खाली दबण्याकडे झुकते. अशा वर्षी आपला पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. १९७२ साली एल निनो होता. त्या वर्षीचा दुष्काळ माझ्या गावातल्या आजींनी पाहिलाय, त्यांनी खडी फोडलीय. पेरूजवळचं पाणी तापतं आणि माणमधली विहीर आटते, इतके हे भाग एकमेकांना जोडलेले आहेत. आता तुम्ही प्रश्न विचारा.

बोलताना कुठे अडलं

पहिल्या खेपेला सव्वासहा मिनिटं लागली. मुलगी घाईनं बोलायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. वेळ जास्त झाली तर वेग वाढवायचा नाही, वाक्यं कमी करायची. मूळ भाषणात मोसमी वारे आधी केरळात १ जूनच्या सुमाराला पोचतात आणि पुढे कसे सरकतात, याच्या चार तारखा होत्या, त्या काढल्या. मग चार मिनिटं पन्नास सेकंद झाली. डब्यांना बोट लावण्यात वीस-तीस सेकंद जातात, ते धरूनच हा हिशोब.

एक वाक्य तीनदा बदलावं लागलं. मुलगी म्हणायची, "ढग डोंगराला आपटून फुटतात आणि पाऊस पडतो." आपण सगळ्याच असं म्हणतो. पण ढग म्हणजे पाण्याची पखाल नाही, आपटून फुटायला. बऱ्याच वेळा समुद्रावरून येणाऱ्या हवेत डोंगराआधी ढगही नसतो, नुसती वाफ असते. हवा चढली, फुगली, गार झाली आणि मग ढग तयार झाला, हा क्रम आहे. हा क्रम सांगता आला तरच पुढचा भाग, म्हणजे उतरताना पाऊस का थांबतो, तो कळतो. 'आपटून फुटतात' म्हटलं तर आपल्याकडे पाऊस का नाही याचं उत्तर एवढंच उरतं की ढग तिकडेच संपले. तसं असतं तर माणच्या आभाळात जुलैमध्ये ढगच दिसले नसते. ते तर रोज दिसतात.

'हवा' आणि 'हवामान' यांचाही गोंधळ झाला. रेडिओवर 'हवामानाचा अंदाज' सांगतात तो उद्या-परवाचा असतो, पुस्तकाच्या भाषेत ती हवा. मी ताईंना आपल्या वहीवरून सांगितलं. एका महिन्याची बचत ही एक नोंद आणि गट सुरू झाल्यापासूनचा खतावणीचा हिशोब वेगळा. एका महिन्यात कुणी हप्ता चुकवला म्हणून गट बुडाला असं होत नाही, तसं एका वर्षी पाऊस चुकला म्हणून हवामान बदललं असं लगेच म्हणता येत नाही.

गटातल्या बायकांचे प्रश्न

खरं तर वर्गापेक्षा अवघड प्रश्न आमच्या गटातच आले. एका ताईंनी विचारलं, "पाऊस पडला की जमीन गार होते. मग वारा थांबायला पाहिजे, पण पाऊस तर चार महिने चालतो." मला हा प्रश्न फार आवडला, कारण मलाही तो कॉलेजात पडला नव्हता. याचं उत्तर वाफेत आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत घेते. म्हणून तर कुकरची वाफ नुसत्या गरम पाण्यापेक्षा जास्त भाजते. वर जाऊन त्या वाफेचे थेंब झाले की तीच उष्णता तिथल्या हवेला परत मिळते. ती हवा आणखी हलकी होऊन वर चढते आणि खालून समुद्रावरची नवी ओली हवा ओढून घेते. म्हणजे तापलेली जमीन चूल पेटवते, पण पुढे सरपण घालते ती वाफ. म्हणूनच मे महिन्यापेक्षा जमीन गार झालेली असूनही जुलैत वारा जास्त जोरात असतो.

आक्कांचा प्रश्न वेगळा. "मग आपल्याला हत्तीचा पाऊस कसा पडतो? तवा डोंगर कुठं जातो?" माणसारख्या भागात सप्टेंबरचा पाऊस हाच भरवशाचा, रब्बीची ज्वारी त्याच्यावरच. त्या वेळेपर्यंत पश्चिमेचा जोराचा वारा मंदावलेला असतो, म्हणजे डोंगरावरून खाली उतरून ढग विरवणारी हवा नसते. बंगालच्या उपसागराच्या बाजूनं ओल येते, दुपारपर्यंत आपली जमीन तापते आणि हवा जागच्या जागी सरळ वर चढते. म्हणून तो पाऊस दुपारनंतर येतो, कडकडाट करत येतो आणि एका शिवारात पडला तर शेजारच्या शिवारात पडेलच असं नाही. जुलैचा घाटावरचा पाऊस असा नसतो, तो दिवसभर एकसारखा असतो. नुसतं पावसाकडं बघूनही हवा डोंगरानं चढवलीय की उन्हानं, हे ओळखता येतं.

झाडं लावली तर पाऊस वाढेल का, हेही एकीनं विचारलं. झाडं जमिनीतलं पाणी हवेत सोडतात, तेवढी थोडी भर पडते. पण पर्जन्यछाया सह्याद्रीमुळे आहे, ती आपल्या टेकडीवरच्या झाडांनी हटत नाही. जे गुडघाभर पाणी पडतं ते धरून ठेवायला आणि माती वाहू न द्यायला झाडं आणि बांध लागतात, ते काम वेगळं.

आणि एल निनोबद्दल एक काळजी. 'एल निनो आला की दुष्काळ' असं भाषणात म्हणायचं नाही, 'शक्यता वाढते' एवढंच म्हणायचं. २००२, २००९ आणि २०१५ या एल निनोच्या वर्षांत देशाचा पाऊस बराच कमी झाला. पण १९९७ साली एल निनो फार मोठा होता, तरी देशभराचा पाऊस सरासरीएवढा झाला. त्या वर्षी आपल्याच हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली होती आणि तिनं आपल्या पावसाला हात दिला, असं अभ्यासक सांगतात. टीव्हीवर एल निनोची बातमी ऐकून बियाणंच घ्यायचं नाही असं एका ताईंनी ठरवलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ती बातमी अख्ख्या देशाच्या चार महिन्यांच्या पावसाबद्दल असते, आपल्या शिवारातल्या पेरणीच्या आठवड्याबद्दल ती काही सांगत नाही.

मुलीचं भाषण पुढच्या मंगळवारी झालं. तिच्या म्हणण्यानुसार डब्यांना बोट लावायला पुढचे दोघेच नाही, मागचे चौघेही उठून आले, त्यामुळे वेळ थोडी पुढे गेली. सरांनी एक प्रश्न विचारला तो तिला आला नाही. जमीन मेमध्ये सगळ्यात जास्त तापते, मग पाऊस मेमध्येच का सुरू होत नाही?

तिनं संध्याकाळी मला फोन केला. उत्तर असं आहे. नुसती जमीन तापून भागत नाही. हिवाळ्यात आपल्या डोक्यावरून खूप उंचावर, दहा-बारा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. तो हिमालयाच्या दक्षिणेला आहे तोवर खालचे समुद्री वारे आत नीट शिरत नाहीत. तिबेटचं उंच पठार तापत जातं तसा हा वरचा वारा उत्तरेला सरकतो, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला हिमालयाच्या पलीकडे जातो आणि मग खालची वाट मोकळी होते. तिनं हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.